अर्धा अनुवाद दुसऱ्याच्या हाती देताना: अ‍ॅबट, गोडबोले आणि माझी चोवीस पानं

सांगोल्याहून पंढरपूर तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे वारकरी कीर्तनांवर पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा घरच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते मला, जेव्हा आमच्या विभागातल्या एका सीनियरने नोकरी लागल्यावर त्याचं अर्धं काम माझ्याकडे दिलं. कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणाचा इंग्रजी अनुवाद, टाइप केलेली चोवीस पानं. "इथून पुढे तू कर," एवढंच तो म्हणाला. सोबत टिपण एकही नव्हतं.

त्या पानांची गोष्ट पुढे सांगतो. आधी याच प्रकारच्या कामाचं एक जुनं उदाहरण बघू.

महिपती हे ताहराबादचे संतचरित्रकार. त्यांचा 'भक्तविजय' 1762 चा आणि 'भक्तलीलामृत' 1774 चा. अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले जस्टिन अ‍ॅबट निवृत्तीनंतर न्यू जर्सीतल्या समिट या गावी राहून महिपतींचा इंग्रजी अनुवाद करत होते. त्यांच्या 'पोएट-सेंट्स ऑफ महाराष्ट्र' या मालिकेत 1927 मध्ये एकनाथचरित्र आलं, ते भक्तलीलामृताच्या 13 ते 24 या अध्यायांचं. 1930 मध्ये तुकारामचरित्र आलं, अध्याय 25 ते 40. म्हणजे 51 अध्यायांच्या ग्रंथाचा मधला भाग आधी छापून झाला होता. 1932 मध्ये अ‍ॅबट वारले. पुढे 1935 मध्ये 'नेक्टर फ्रॉम इंडियन सेंट्स' हा भाग निघाला. त्यात 1 ते 12 आणि 41 ते 51 हे उरलेले अध्याय आहेत आणि अनुवादक म्हणून तीन नावं आहेत: दिवंगत अ‍ॅबट, नरहर गोडबोले आणि जे. एफ. एडवर्ड्स.

हे पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा महिपतींसाठी घेतलं होतं. चोवीस पानं गळ्यात पडल्यावर पुन्हा उघडलं ते वेगळ्याच कुतूहलाने. मागे राहिलेल्या माणसांच्या हातात नेमकं काय होतं?

एक गोष्ट छापील पानावरच दिसते. अनुवाद गद्यात आहे, पण मूळ ओव्यांचे क्रमांक मजकुरात राखलेले आहेत. वरवर पाहता ही वाचकाची सोय. पण काम हाती घेणाऱ्यासाठी ते मैलाचे दगड आहेत. कुठलंही इंग्रजी वाक्य घ्या, त्याची मराठी ओवी मिनिटभरात सापडते. एखादी ओवी सुटली असेल तर क्रमांकाची उडी लगेच दिसते. असे क्रमांक नसतील तर आधीच्या माणसाने काय गाळलं आणि काय एकत्र केलं, हे शोधायला सगळं पहिल्यापासून जुळवत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. मधले अध्याय आधीच छापून विकले गेले होते, त्यामुळे काही निर्णय आता कुणालाच बदलता येणार नव्हते. 'संत' या शब्दाचंच बघा. मालिकेच्या नावातच त्याचा 'सेंट' झाला होता. ख्रिस्ती परंपरेत 'सेंट' म्हटलं की चर्चने दिलेली मान्यता मनात येते. आपल्याकडे संतपद कुणी ठराव करून देत नाही. पुढच्या अनुवादकाला हा शब्द खटकला, तरी अकराव्या भागात तो बदलला असता तर एकाच ग्रंथाचे दोन तुकडे दोन भाषांत बोलू लागले असते. म्हणून काम सोपवताना निर्णयांची नुसती यादी पुरत नाही. कुठला निर्णय कुलूपबंद आहे आणि कुठला अजून बदलता येईल, हेही त्यात लिहायला हवं.

आता माझी चोवीस पानं. 'फड' हा शब्द पान 3 वर 'ट्रूप' झाला होता आणि पान 17 वर 'कॅम्प'. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे उसाचा फड असतो, तमाशाचा फड असतो आणि वारकऱ्यांचाही फड असतो. वारकरी फड म्हणजे एका महाराजांची परंपरा मानणारा, वारीत एकत्र चालणारा, स्वतःचे नियम असलेला समुदाय. 'ट्रूप'ने त्याचा तमाशा होतो आणि 'कॅम्प'ने मुक्कामाची जागा. सीनियरने दोन जागी दोन शब्द विचार करून वापरले होते की नुसतं विसरून, हे कळायला मार्ग नव्हता. फोनवर विचारलं तर म्हणाला, "आता आठवत नाही रे." दीड वर्षापूर्वीचं काम, त्याचाही दोष नाही.

'माउली'चंही तेच. ज्ञानेश्वर माउली, विठ्ठल माउली, आणि वारीत शेजारून चालणारा अनोळखी माणूसही माउलीच. इंग्रजीत पुढच्या वाक्यात 'ही' लिहायचं की 'शी'? सीनियरने सगळीकडे 'ही' लिहिलं होतं. पण कीर्तनकार बुवा ज्या ठिकाणी आईचा दृष्टांत देतात, तिथे 'ही'ने दृष्टांतच मोडतो.

खरा दणका पान 21 वर बसला. एक म्हातारी तुळशीची माळ कुठे ठेवते, तर अनुवादात 'पोर्च'मध्ये, म्हणजे पडवीत. त्यावरून मी माझ्या प्रकरणात घर सोडणं आणि माळ घरी ठेवणं यावर दोन परिच्छेद लिहिले. नंतर ध्वनिमुद्रण ऐकलं. त्या जागी टाळ वाजत होते आणि शब्द 'पडवीत' की 'पडशीत' ते कळत नव्हतं. पडशी म्हणजे खांद्यावरची दोन कप्प्यांची झोळी. बुवांना जाऊन विचारलं. "अहो, पडशीत! माळ घरी ठेवून कुणी वारीला जातं का?" माझे दोन्ही परिच्छेद गेले. सीनियरला शंका आली असणार, पण त्याने अंदाज केला आणि तो अंदाज आहे हे कुठेच लिहिलं नाही. स्वच्छ टाइप केलेल्या पानावर अंदाज आणि खात्री सारखेच दिसतात.

गेल्या महिन्यात मी हेच काम एका ज्युनियरकडे दिलं. सोबत चार पानांचं टिपण दिलं. सुरुवातीला सीमारेषा: कुठल्या मुद्रणाच्या कितव्या मिनिटापर्यंत अनुवाद झाला, किती भाग मुद्रणाशी पुन्हा ताडला आणि किती फक्त कच्चा आहे. प्रत्येक परिच्छेदाला मिनिट-सेकंद घातले. ओवी क्रमांकाचं काम इथे तेच करतात. मग निर्णय, कारणासह. उदाहरणार्थ: 'फड' तसाच ठेवला, पहिल्या वेळी तळटीप, 'ट्रूप' नको, कारण तमाशाचा अर्थ येतो, छापलेल्या लेखात असाच गेला आहे, म्हणून कुलूपबंद. 'माउली'साठी मात्र लिहिलं: तसाच ठेवला, सर्वनाम टाळलं, टाळता आलं नाही तिथे दृष्टांत बघून ठरवलं; बदलायचं असल्यास बदल, अशा सात जागा आहेत.

शेवटी उघड्या शंका. प्रत्येकीपुढे जागा, दोन्ही शक्य वाचनं, सध्या कुठलं धरलं आहे, कुणाला विचारायचं राहिलं आहे आणि उत्तर उलटं आलं तर आणखी कुठे बदलावं लागेल. अशा अकरा शंका निघाल्या.

टिपण वाचून ज्युनियरने पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, शंका क्रमांक चार तर पान 9 वर तुम्ही पक्की म्हणून लिहिलीय." बघितलं, खरंच होतं. चूक माझीच. पण ती एका दिवसात सापडली, कारण दोन्ही गोष्टी कागदावर होत्या.