सूर भूपाचे, पण राग कुणाचा?

प्रेमगीताला चाल लावताना रागाचे सूर घेतले आणि वर्ज्य स्वर टाळले, की चाल त्या रागावर आधारलेली झाली, असं सुगम संगीतात आता बहुतेक सगळे धरून चालतात. भूप हा यासाठी सगळ्यांचा आवडता. सा रे ग प ध असे पाच शुद्ध स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. या मताच्या बाजूने सांगितलं जातं तेही पोकळ नाही. प्रेमगीत चार मिनिटांचं असतं, त्यात आलापी नसते, ते मैफलीतल्या रागासारखं बांधलेलं असावं असा हट्ट कुणी का धरावा?

तो हट्ट माझाही नाही. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. सूर ही रागाची सामग्री झाली, राग नव्हे, आणि याचा पुरावा भूपाच्या शेजारीच आहे. देशकारातही हेच पाच स्वर लागतात. पण भूप गंधारावर विसावतो, त्याचा जीव पूर्वांगात असतो आणि तो रात्रीचा. देशकार सकाळचा, त्याचा धैवत प्रबळ आणि चढताना ऋषभ दुबळा. ‘ग रे सा, सा रे ग, प ग’ म्हटलं की भूप उभा राहतो. तेच स्वर ‘ग प ध, ध प, प ध सां, ध’ असे घेऊन धैवतावर थांबलं की देशकार. एकही स्वर बदललेला नाही, बदलला तो मुक्काम.

हे जाणणाराही आजच्या गाण्यात फसतो, कारण गाण्याखाली कॉर्ड येतात. सा पांढरी एक धरू. मुखडा समजा असा आहे: सा रे ग, ग प ग रे, ग. त्याखाली गिटारवर सी मेजर, जी मेजर, ए मायनर, एफ मेजर हे सगळ्यांच्या हातात बसलेलं आवर्तन सुरू होतं. जी मेजरमध्ये निषाद आहे, एफ मेजरमध्ये शुद्ध मध्यम. गायकाने जे दोन स्वर कटाक्षाने टाळले ते वादकाने खालून वाजवले! एफ मेजर वाजताना गायक गंधारावर थांबला असेल, तर खालचा मध्यम त्या गंधाराला टोचत राहतो आणि भूपाचा विसावाच नाहीसा होतो.

ए मायनरचं दुखणं अधिक गहिरं आहे. त्यातले ध, सा, ग हे तिन्ही स्वर भूपाचेच, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. पण बासवर धैवत ठाण मांडून बसला की कान त्यालाच षड्ज मानू लागतो. मग आपला सा कोमल गंधार होतो, रे मध्यम, ग पंचम आणि प कोमल निषाद. हा झाला धानी. हीच मूर्च्छना गंधारापासून धरली तर मालकंस निघतो. ‘भूपातून काय करुण रंग काढलाय’ अशी दाद अशा गाण्यांना मिळते तेव्हा ती करुणा बहुधा त्या कोमल गंधाराची असते. चाल सुंदर असेलही, पण तिचं श्रेय भूपाला देऊ नये.

दुसरीकडे, म्हणून कॉर्डच नकोत असं म्हणणाऱ्या रागदारीवाल्यांशीही मी सहमत नाही. भूपाच्या पाच स्वरांतून साधे त्रिस्वरी कॉर्ड दोनच निघतात, सी मेजर आणि ए मायनर, आणि नीट वापरले तर ते पुरतात. ए मायनर वाजवताना बासने षड्ज सोडायचा नाही, म्हणजे धैवत रंग देतो पण घर बळकावत नाही. बदल हवा तिथे रे, प, ध एकत्र वाजवावेत. त्यात ना मध्यम, ना निषाद. अंतरा ‘प ध सां’ असा चढला तरी धैवतावर रेंगाळू नये. ‘सां ध प ग’ असं उतरून गंधार गाठावा. चार मिनिटांत भूप इतक्यानेही उमटतो.

आणि संगीतकाराला भूप नको असेल तर तोही मार्ग मोकळा आहे. हेच स्वर मंद्र पंचम-धैवताकडे झुकवले, मध्यम-निषादाला हलकेच येऊ दिलं, की पहाडी होतो. १९६० सालच्या ‘चौदहवीं का चाँद’चं रवींनी बांधलेलं शीर्षकगीत पहाडीतलं मानलं जातं, आणि ते पहाडी आहे म्हणून त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही. पहाडीची लवचीकता प्रेमगीताला मानवते. मात्र तिथे एफ आणि जी मेजर चालले म्हणून ते भूपातही चालतील असं नाही.

शंका आली तर एक करून पाहावं. सगळी साथ बंद करून, फक्त सा-पचा तानपुरा लावून मुखडा दोन-तीनदा गुणगुणावा. ओळ गंधारावर टेकून षड्जाकडे ओढ घेत असेल तर भूप शाबूत आहे. ती मंद्र धैवतावरच संपू पाहत असेल, तर चाल तानपुऱ्यावर नव्हे, ए मायनरवर सुचलेली आहे.