पाहुण्याला चहाआधी पाणी का देतात?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या खेड्यांत कुणाच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी पाणी येतं. तहान लागली आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. कारण हे पाणी तहानेपुरतं नसतं.

पाण्यापर्यंतचा क्रम

चपला उंबऱ्याच्या बाहेर, वाटेत येणार नाहीत अशा बाजूला काढतात. काही घरांत पाय धुवायलाही पाणी देतात. मग ओसरीवर किंवा बाजेवर बसलेल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आधी नमस्कार करायचा. कुठे "राम राम" म्हणतात, वारकरी घरात "राम कृष्ण हरी", तर कुठे "जय भीम". तुमची ओळख घरातल्या मुलाशी असली, तरी पहिला नमस्कार आजोबांना. आजी आत असतील, तर "आजी कुठं आहेत?" एवढं विचारलं तरी मान राखला जातो. यानंतर "बसा" म्हणतात आणि पाणी येतं.

नको असेल तर?

समजा, तुम्ही एप्रिलच्या दुपारी पाथर्डीजवळच्या एका गावात तिसऱ्या घरी पोहोचलात आणि पोट पाण्यानं भरलेलं आहे. "नको" म्हणून हात आडवा करू नका. पेला उजव्या हातानं घ्या, एक घोट प्या आणि "आत्ताच घेतलं होतं" असं सांगून खाली ठेवा. पेल्याऐवजी तांब्या आला, तर तो ओठांना न लावता वरून प्यायची रीत आहे, कारण तोच तांब्या पुढच्या माणसाकडे जातो. पथ्यामुळे घोटही चालत नसेल, तर कारण स्पष्ट सांगावं. कारण न सांगता पेला तसाच राहिला, तर घरचे लोक "काही चुकलं का?" असा विचार करू लागतात.

एका घोटाचा अर्थ

"साधं पाणीसुद्धा विचारलं नाही" ही तक्रार यजमानाबद्दल असते, आणि "त्यांच्या दारचं पाणीही पिणार नाही" म्हणजे संबंध संपले. पाणी घेणं म्हणजे त्या घराशी व्यवहार मान्य करणं.

याच अर्थाची काळी बाजूही आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला भांडं न देता त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, बरोबरीच्या हक्काचा होता. म्हणून घरच्याच पेल्यात पाणी देणं आणि पाहुण्यानं ते पिणं, या दोन्हींतून आजही बरोबरी दिसते. पाहुण्याची जात विचारून भांडं बदललं, तर तो पाहुणचार राहत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. सुतक पाळणाऱ्या घरी भेटायला गेल्यावर अनेक जण पाणी घेत नाहीत, आणि निघताना "येतो" असंही म्हणत नाहीत. तिथं पाणी न घेतल्याचा राग कुणी धरत नाही.