षडक्षरीची कुळकथा

'ॐ मणिपद्मे हूँ' या सहा अक्षरांचा अर्थ 'कमळातला मणी' असा बहुतेक पुस्तकांत छापलेला असतो. अर्थ सुंदर आहे, पण संस्कृत व्याकरणात तो बसत नाही. 'कमळात मणी' म्हणायचं तर 'मणिः पद्मे' असे दोन सुटे शब्द हवेत, विसर्गासकट. इथे 'मणिपद्म' हा एक समास आहे. त्याचं शेवटचं 'ए' दोन प्रकारे लावता येतं. एक म्हणजे सप्तमी, 'मणिपद्मामध्ये'. दुसरं म्हणजे आकारान्त स्त्रीलिंगी नावाचं संबोधन. सीतेला 'सीते' आणि राधेला 'राधे' म्हणणाऱ्या मराठी कानाला ते लगेच उमगतं: 'हे मणिपद्मे'. एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी १९०६मध्ये हा संबोधनाचा अर्थ सुचवला. तारेच्या मंत्रातलं 'तारे तुत्तारे तुरे' याच वळणाचं आहे. यावर आक्षेप असा, की मंत्र अवलोकितेश्वराचा, तो बोधिसत्त्व पुरुष, मग हाक स्त्रीला कशी? पण बौद्ध परंपरेत या जातीच्या मंत्राला 'विद्या' म्हणतात आणि विद्या ही देवता म्हणून स्त्रीच असते. षडक्षरी महाविद्येचं तर मूळ ग्रंथात रूपवर्णनही आहे: गौर वर्ण, चार हात, एका हातात कमळ, एकात जपमाळ आणि उरलेले दोन जोडलेले. अलेक्झांडर स्टडहोम हे अभ्यासक मात्र सप्तमीच्या बाजूचे. अमिताभाच्या सुखावतीत जीव रत्नांच्या कमळात जन्म घेतात, त्या जन्माकडे या शब्दाचा रोख आहे, असं ते मानतात. व्याकरण दोघांनाही मोकळीक देतं. मला संबोधन अधिक पटतं, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ज्या ग्रंथात हा मंत्र पहिल्यांदा भेटतो, तो ग्रंथ त्याचा शब्दार्थ सांगायच्या फंदातच पडत नाही.

तो ग्रंथ म्हणजे 'कारण्डव्यूह सूत्र'. चौथ्या शतकाची अखेर किंवा पाचव्याची सुरुवात हा त्याचा साधारण काळ मानतात. गिलगिटला १९३१मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत त्याचे अंश आहेत. म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी रंगवला जात होता, त्याच्या आगेमागेच हे सूत्र आकाराला येत होतं. त्यात अवलोकितेश्वराच्या डोळ्यांतून चंद्रसूर्य, कपाळातून महेश्वर आणि हृदयातून नारायण निघतो. शैव पुराणांची छाया उघड दिसते. ॐ धरून 'नमः शिवाय' षडक्षरी होतो, त्याला बौद्धांनी आपली षडक्षरी जोडून दिली, हा स्टडहोम यांचा तर्क त्यामुळेच वजनदार वाटतो. पण सूत्राचा खरा रस मंत्र मिळवण्याच्या कथेत आहे. सर्वनीवरणविष्कम्भी नावाचा बोधिसत्त्व विचारतो, ही विद्या कुणाकडे मिळेल? बुद्ध त्याला वाराणसीला एका धर्मभाणकाकडे पाठवतात आणि आधीच बजावतात, की त्याला पाहून मनात किंतु आणू नकोस. कारण त्या माणसाचं शील ढळलेलं आहे, घरात बायकोमुलं आहेत, काषाय वस्त्रं मलमूत्राने माखलेली आहेत. विष्कम्भी जातो, विद्या घेतो आणि गुरुदक्षिणा म्हणून लाख मोलाचा मोत्यांचा हार पुढे करतो. धर्मभाणक तो घेत नाही, शाक्यमुनींना नेऊन दे म्हणतो. दीक्षेसाठी मौल्यवान रत्नांच्या चूर्णाचं मंडल लागतं, पण शिष्य गरीब असेल तर साधे रंग आणि फुलं चालतात, हेही तिथेच सांगितलं आहे. ही सहा अक्षरं लिहून घेणाऱ्याने चौऱ्याऐंशी हजार धर्मस्कंध लिहून घेतल्यासारखं होतं, असंही सूत्र म्हणतं. एकदा जप केल्याच्या पुण्याची मोजदाद होत नाही, हे ठसवायला उपमांची रांगच लावलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा मंत्र जन्मला तोच पुन्हा पुन्हा म्हणण्यासाठी आणि लिहिण्यासाठी. अर्थ त्यावर नंतर चढत गेले. तिबेटात 'मणि काबुम्' या बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ग्रंथसंग्रहाने मंत्र घरोघरी नेला. तिबेटी परंपरेने सहा अक्षरं सहा गतींना वाटून दिली: ॐ देवांना, म असुरांना, णि माणसांना, प पशूंना, द्मे प्रेतांना, हूँ नरकातल्यांना. करुणेचा मंत्र हे नाव या वाटणीत अक्षरशः उतरतं, कारण कुणीच बाहेर राहत नाही. आजचे दलाई लामा मणी म्हणजे करुणेसह उपाय, पद्म म्हणजे प्रज्ञा आणि हूँ म्हणजे दोहोंचं अभिन्नत्व असं समजावतात. ही शिकवण आहे, व्युत्पत्ती नव्हे, आणि ती तशीच घ्यावी. तिबेटी जिभेवर उच्चार 'ओम् मणि पेमे हुंग' होतो. तोही अशुद्ध ठरवण्याचं कारण नाही. माळ एकशेआठ मण्यांची असते, पण एक फेरी शंभरच धरतात. वरचे आठ चुकलेल्या, घाईत गिळलेल्या जपांसाठी सोडतात. मोजणीचा नाद असलेल्या परंपरेने स्वतःच्या चुकांचीही तरतूद करून ठेवली, हे मला फार आवडतं.

लिहिण्याला जपाइतकं मोल दिलं, की मंत्र फिरवणाऱ्या चाकापर्यंतची वाट लांब नसते. चीनमध्ये मधल्या खांबाभोवती फिरणारं ग्रंथांचं कपाट होतं. त्याचं श्रेय परंपरा सहाव्या शतकातल्या फू शी यांना देते. ज्याला वाचता येत नाही त्याने कपाट फिरवावं, ही त्यामागची कल्पना. तिबेटी 'मणि खोर्लो' या हातातल्या चाकात ती मुठीत मावते. लाकडी दांडा, त्यावर तांब्या-पितळेचं नळकांडं, आत कण्याभोवती घट्ट गुंडाळलेली लांब कागदी पट्टी आणि तीवर लाकडी ठशांनी हजारो वेळा छापलेला मंत्र. नळकांड्याच्या कडेला साखळीने एक वजन लोंबतं, ते गती धरून ठेवतं, म्हणून मनगट जरासं हललं तरी पुरतं. गुंडाळी सैल राहिली तर ती आत सरकते आणि चाक डगमगत फिरतं. झाकणातून ओल शिरली तर कागद कुजतो. चाक वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. याचं एक कारण प्रदक्षिणा. दुसरं निव्वळ लिपीचं आहे: अक्षरं बाहेर तोंड करून असतील, तर या दिशेने फिरताना समोरच्या माणसापुढून पट्टी उजवीकडून डावीकडे सरकते आणि अक्षरं वाचण्याच्या क्रमाने येतात. बोन पंथाचे लोक उलट फिरवतात, पण त्यांचा मंत्रही वेगळा आहे.

आता नेहमीचा आक्षेप. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी चाकं आहेत, वाऱ्यावरची आहेत, दिव्याच्या उष्णतेने फिरणारीही आहेत. माणूस झोपलेला आणि पुण्य जमा होतंय, ही करुणा कसली? आक्षेप पोकळ नाही. तिबेटी गुरूही मन दुसरीकडे ठेवून केलेल्या जपाला हलकाच लेखतात, आणि चाक फिरवताना तोंडाने मंत्र चालू ठेवायला सांगतात. पण आक्षेप घेणारा धरून चालतो, की पुण्य फिरवणाऱ्याच्या खात्यावर जातं. पाण्यावरच्या चाकामागची श्रद्धा वेगळी आहे. चाकाला लागून गेलेलं पाणी ज्या ज्या जीवाला शिवेल, त्याला आशीर्वाद पोचावा, अशी ती. चाक बसवणारा तिथे नसला तरी मासे असतातच. हे पटो न पटो, निदान आळसाचा आरोप त्याला लागू पडत नाही. आळस शोधायचा असेल तर तो बाजारात शोधावा. पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या चाकांचं झाकण उघडून पाहिलं, तर कित्येकांत गुंडाळी नसतेच, किंवा एखादी चिठ्ठी सरकवलेली असते. तिबेटी गिऱ्हाईक म्हणूनच आधी झाकण काढतं, पट्टी घट्ट आहे का ते बोटाने दाबून बघतं, आणि मगच भाव विचारतं.