स्लगिंग

स्लगिंग ही चेहऱ्याच्या रात्रीच्या निगेतील शेवटची पायरी म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावण्याची पद्धत आहे. या थरामुळे त्वचेतील पाणी रात्रभर टिकून राहते. ‘स्लग’ म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. जेली लावलेला चेहरा तिच्या शरीरासारखा चिकट व चकचकीत दिसतो, म्हणून हे नाव पडले. कोरियन सौंदर्यनिगेशी जोडली जाणारी ही पद्धत 2020 नंतरच्या काळात समाजमाध्यमांमुळे जगभर पसरली. कोरड्या आणि सोललेल्या त्वचेला ती उपयुक्त ठरते. तेलकट किंवा मुरुमप्रवण त्वचेसाठी, तसेच काही औषधे लावलेल्या त्वचेसाठी ती योग्य नाही.

## पार्श्वभूमी

पेट्रोलियम जेली हे खनिज तेलापासून मिळणाऱ्या हायड्रोकार्बनांचे अर्धघन मिश्रण आहे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनज्ञाने 1859 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टायटसव्हिल येथील तेलविहिरींना भेट दिली. पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट पदार्थ तेथील कामगार भाजलेल्या व कापलेल्या जागी लावत असल्याचे त्याला आढळले. त्याने हा पदार्थ शुद्ध करण्याची रीत शोधली आणि 1872 मध्ये ‘व्हॅसलिन’ या नावाने त्याचे पेटंट घेतले.

त्वचेवर स्निग्ध थर देऊन कोरडेपणा रोखण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. कोकण व गोव्यात भेगाळलेल्या टाचांना कोकमाच्या बियांचे घट्ट तेल लावण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

## कार्यपद्धती

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून पाण्याची वाफ सतत, नकळत बाहेर पडत असते. निरोगी त्वचेत पेशींमधील स्निग्ध पदार्थ हा ऱ्हास मर्यादेत ठेवतात. थंड व कोरडी हवा, तीव्र साबण किंवा त्वचारोग यांमुळे हे आवरण विस्कटले की पाणी वेगाने निघून जाते आणि त्वचा ओढल्यासारखी, खरखरीत व चुरचुरणारी होते. पेट्रोलियम जेली हा ऱ्हास सुमारे 98 टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. इतर तेलांचा परिणाम याहून बराच कमी असतो. जेली केवळ पृष्ठभागावर बसून राहत नाही, तर वरच्या थरातील पेशींच्या मधल्या जागांतही शिरते आणि तिच्या आडोशाने त्वचेची दुरुस्ती चालू राहते, असे 1992 मधील एका अभ्यासात दिसून आले.

जेलीत स्वतःचे पाणी नसते. ती केवळ झाकण घालते. त्यामुळे त्या झाकणाखाली काय आहे, यावर स्लगिंगचा परिणाम अवलंबून असतो. खाली ओलावा असेल तर ओलावा टिकतो. खाली तीव्र औषध, घाम किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्यांचाही परिणाम वाढू शकतो.

## कृती

1. चेहरा सौम्य क्लेन्झरने धुऊन मेकअप, सनस्क्रीन व धूळ पूर्णपणे काढली जाते.
2. त्वचा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीनसारखा पाणी धरून ठेवणारा घटक असलेले साधे मॉइश्चरायझर लावले जाते.
3. काही मिनिटांनी मटारच्या दाण्याएवढी जेली तळहातांवर पसरवून चेहऱ्यावर हलकेच दाबून लावली जाते. थर दाट असण्याची गरज नसते.
4. सकाळी चेहरा सौम्य क्लेन्झरने धुतला जातो.

जेली शुद्ध, औषधी दर्जाची व सुगंधविरहित असावी. सुगंधी द्रव्ये मिसळलेल्या उत्पादनांमुळे ॲलर्जी होऊ शकते. शुद्ध जेलीची ॲलर्जी मात्र अतिशय दुर्मीळ आहे.

## कोणाला उपयुक्त

कोरडी, वयानुसार रुक्ष झालेली किंवा थंडीत फुटणारी त्वचा असलेल्यांना या पद्धतीचा सर्वाधिक लाभ होतो. ॲटोपिक त्वचादाह असलेल्यांच्या त्वचेचे आवरण मुळातच कमकुवत असते. त्यांनाही जेली उपयोगी पडते, मात्र ती उपचारांची जागा घेत नाही. संपूर्ण चेहऱ्याला गरज नसल्यास ओठ, नाकपुड्यांच्या बाहेरील कडा, गालांवरील कोरडे चट्टे, हात किंवा टाचा एवढ्यापुरताही तिचा वापर करता येतो.

हवामानाचा विचारही आवश्यक असतो. विदर्भातील कोरड्या थंडीत जी त्वचा स्लगिंगने मऊ होते, तीच मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घामोळ्यांनी त्रस्त होऊ शकते.

## कोणी टाळावे

मुरुमप्रवण व तेलकट त्वचा. पेट्रोलियम जेली रंध्रे बंद करते, असा समज प्रचलित आहे. ॲल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती स्वतः मुरुमजनक नसल्याचे दाखवले. तरीही काहींना तिच्यामुळे मुरुम येतात, म्हणून अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही संस्था मुरुमप्रवण व्यक्तींना चेहऱ्यावर जेली टाळण्यास सांगते. मुरुमांखेरीज घामोळे किंवा केशमुळांचा दाह असलेल्यांनीही ती टाळावी.

तीव्र घटकांचा वापर. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, ग्लायकॉलिक आम्ल किंवा सॅलिसिलिक आम्ल लावलेल्या रात्री वर जेली लावल्यास या घटकांचे शोषण व त्यांमुळे होणारा दाह वाढू शकतो.

स्टेरॉइड क्रीम. झाकलेल्या त्वचेत स्टेरॉइड अधिक शोषले जाते. भारतात गोरेपणासाठी किंवा नायट्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टेरॉइडमिश्रित क्रीम वापरले जातात. त्यांवर जेलीचा थर दिल्यास त्वचा पातळ होण्याचा धोका वाढतो.

संसर्ग. पू झालेल्या जखमा, नागीण किंवा बुरशीजन्य चट्टे यांवर आधी उपचार आवश्यक असतात.

प्राणवायू घेणारे रुग्ण. त्यांनी नाकाजवळ जेली लावू नये, कारण प्राणवायूच्या सान्निध्यात ती पेट घेण्याचा धोका असतो. नाकपुडीच्या आत दीर्घकाळ जेली लावल्यास ती श्वासावाटे फुप्फुसात जाऊन दाह होऊ शकतो. जेली मुरलेली उशीची खोळ वा चादर लवकर पेट घेते, म्हणून ती आगीपासून दूर ठेवावी.

## उदाहरण

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन नव्याने सुरू केलेल्या एका व्यक्तीच्या तोंडाभोवतीची त्वचा जानेवारीत सोलू लागली आहे व साधे मॉइश्चरायझरही झोंबते आहे, असे मानू. त्याच रात्री ट्रेटिनॉइनवर जेली लावणे चुकीचे ठरेल, कारण दाहाचे कारण झाकणाखाली राहील. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध काही रात्री थांबवून त्या काळात मॉइश्चरायझर व त्यावर जेली, तीही केवळ सोललेल्या भागावर, लावणे अधिक योग्य ठरते. कपाळ व नाक हे तेलकट भाग मोकळे ठेवले जातात. झोंबणे थांबल्यावर औषध कमी वारंवारतेने पुन्हा सुरू केले जाते आणि त्या रात्री जेली वगळली जाते.

## दुष्परिणाम ओळखणे

एकसारख्या आकाराचे, खाजणारे बारीक पुरळ काही दिवसांतच उठल्यास घामोळे किंवा केशमुळांच्या दाहाची शक्यता असते. निरनिराळ्या आकाराचे मुरुम व काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्या काही आठवड्यांत हळूहळू दिसू लागतात. लावल्याबरोबर होणारी जळजळ बहुधा खालच्या उत्पादनामुळे असते. या सर्व स्थितींत जेली थांबवणे ही पहिली पायरी आहे. त्यानंतरही पुरळ पसरत राहिल्यास, पू किंवा सूज आल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

## मर्यादा

स्लगिंगमुळे सुरकुत्या, काळे डाग किंवा मुरुम बरे होत नाहीत. जेली सूर्यकिरणांपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे दिवसा सनस्क्रीनची गरज कायम राहते. कोरडेपणा कमी झाल्यावर रोज जेली लावण्याची आवश्यकता नसते. अनेकांना आठवड्यातून एक-दोन रात्री किंवा केवळ हिवाळ्यातील वापर पुरेसा असतो.