काट्यावरचे पाणी

फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांना उपाशी आणि तहानलेल्या मुलांची हकीकत सांगायची, हे शिष्टाचाराला धरून नाही हे मला कळते. पण ज्या घरात पोरगा सकाळी दूध-बदाम घेऊन तालमीत जातो, त्या घरात हा अंक जातो. आणि ही हकीकत त्या घरासाठीच आहे.

आपल्या जुन्या आखाड्यात तराजू नव्हता. जत्रेच्या मैदानात वस्ताद दोन पोरांना समोरासमोर उभे करी, खांद्याला खांदा लावून पाही आणि ‘जोड बरोबर आहे’ म्हणे. चार-पाच शेरांचा फरक कुणी मोजीत नसे. मल्लाचे वजन वाढले तर घरात आनंद होई. उतरले तर आई चिंतेत पडे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून आले ते ५७ किलोंच्या गटात. म्हणजे ऑलिंपिकच्या वाटेने जायचे तर काट्यावर उभे राहणे आले, हे तेव्हाच ठरून गेले होते. आज तालुक्याच्या शालेय स्पर्धेतही चौदा वर्षांखालची पोरे आधी काट्यावर चढतात आणि मग गादीवर.

वजनगट निघाले ते दुबळ्याला न्याय मिळावा म्हणून. पण नियम आला की त्याच्या पाठोपाठ पळवाट येते. वजन आदल्या दिवशी करायचे आणि कुस्ती दुसऱ्या दिवशी, असे असले तर हुशार माणूस काय करील? अंगातले पाणी काढून टाकील, हलका होऊन काट्यावर चढेल, चिठ्ठी मिळाली की पाणी पिऊन पुन्हा जड होईल आणि खऱ्याखुऱ्या हलक्या पोराला चीत करील. युक्ती नामी आहे. तिच्यात खोट एवढीच, की समोरचा पोरगाही तेच करून आलेला असतो. मग फायदा कुणालाच नाही आणि तहान मात्र दोघांनाही.

अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून कुस्तीचा मोठा प्रघात आहे, आणि ही युक्ती तिथेच सर्वांत अधिक मुरली. पाणी तोडायचे, रबरी कपडे घालून तापवलेल्या खोलीत पळायचे, वाफेच्या खोलीत बसायचे, नुसते थुंकून थुंकून दोन औंस कमी करायचे. इशारे मिळाले नव्हते असे नाही. तिथल्या वैद्यक संघटनेने १९६७ साली हा प्रकार निषिद्ध ठरवला. क्रीडावैद्यकाच्या परिषदेने १९७६ साली त्यावर आपले अधिकृत मत प्रसिद्ध केले आणि १९९६ साली पुन्हा केले. प्रशिक्षक ते वाचीत आणि फायलीला लावीत. आमच्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचे काय होते हे पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

मग १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या तेहेतीस दिवसांत, तीन कॉलेजकुमार गेले. पहिला नॉर्थ कॅरोलायनात, एकोणीस वर्षांचा. दुसरा विस्कॉन्सिनमध्ये, बावीस वर्षांचा. तिसरा मिशिगनमध्ये, एकवीस वर्षांचा. त्यांची नावे तेव्हा वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत. मी त्यांना गावांनीच ओळखतो. नावे त्यांच्या आईबापांकडे राहू द्यावीत. १९८२ पासून अशा मृत्यूंची देशभर नोंद ठेवली जात होती, आणि कॉलेजच्या मल्लांत वजन उतरवताना झालेले हे पहिलेच मृत्यू होते. पहिल्याने शंका आली ती पोरे खात होती त्या क्रिएटिन नावाच्या पुडीची. तपासात पुडी सुटली. उरले ते पाणी.

मिशिगनच्या पोराचा हिशेब शाळेच्या गणितासारखा मांडून पाहू. हंगामाच्या आधी त्याचे वजन १८० पौंड होते, म्हणजे सुमारे साडेएक्क्याऐंशी किलो. उतरायचे होते १५३ पौंडांवर. तेरा आठवड्यांत त्याने २१ पौंड कमी केले. ऐकायला हे सावकाश वाटते. पण त्या २१ पैकी ११ पौंड ६ ते ८ डिसेंबर या तीन दिवसांतले होते. तीन दिवसांत पाच किलो चरबी कुणाचीच जळत नाही, मग तो कितीही राबो. ते बहुतेक पाणीच. आणि ९ तारखेला अजून ६ पौंड राहिले होते, ते काही तासांत काढायचे होते. सहा पौंड म्हणजे पावणेतीन लिटर. आपल्या घरातला मध्यम तांब्या लिटरभराचा धरला, तर जवळजवळ तीन तांबे घाम, तोही आधीच सुकलेल्या अंगातून.

खोली तापवलेली होती, ९२ अंश फॅरनहाइट. अंगात वाफ बाहेर न सोडणारा पोशाख होता. खाणेपिणे तोडलेलेच होते. त्याने व्यायाम केला, थोडा थांबला, पुन्हा केला, आणि मग विसाव्याला बसला. बसल्यावर पाय लटपटू लागले, त्याला बोलता येईना, आणि थोड्याच वेळात हृदय थांबले.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पोराचा शेवट जवळजवळ याच शब्दांत सांगता येतो. तो २३३ पौंडांवरून निघाला होता, १९५ ला पोचायचे होते, आणि शेवटचे १५ पौंड त्याने एका रात्रीसाठी ठेवले होते. पहाटे थकून त्याने व्यायाम थांबवला, पाणी प्यायला घेतले, आणि त्यानंतर बोलणे बंद पडले. पाणी पोटात गेले होते. पण पोटातले पाणी रक्तात मिसळून सगळ्या अंगाला पुरायला तास लागतात. विस्कॉन्सिनच्या पोराचा ताप रुग्णालयात १०८ अंश भरला. आपण १०४ ला घाबरून डॉक्टरांकडे धावतो.

हे असे का होते, ते समजायला वैद्यक शिकावे लागत नाही. माठ पाहिलेला असला की पुरे. माठातले पाणी गार राहते, कारण ते मातीतून झिरपते आणि बाहेर वाऱ्यावर उडून जाते. उडून जाताना ते उष्णता घेऊन जाते. त्याच माठाला रबरी पिशवी घट्ट बांधली तर तो झिरपत राहील, पिशवी ओली होईल, पण गार काही होणार नाही. घामाचेही तसेच. घाम उडाला तर अंग थंड. नुसता ओघळला तर वाया. रबरी पोशाखातल्या पोराला घाम धो धो येतो, काटा उतरतो, म्हणून त्याला वाटते सगळे ठीक चालले आहे. आणि आत स्नायू तर भट्टीसारखे तापत असतात.

त्यात दुसरे संकट असे, की घाम रक्तातल्या पाण्यातून येतो. पाणी कमी झाले की रक्त आटते, आणि उरलेल्या रक्ताला तीन ठिकाणांहून बोलावणे येते: स्नायूंना ते काम करायला हवे, कातडीला उष्णता बाहेर टाकायला हवे, आणि मेंदूला तर हवेच हवे. हृदय जोरजोराने धावून सगळ्यांना पुरवू पाहते. मग कातडीचा वाटा तोडते, आणि उष्णता आतच कोंडते. शेवटी तापलेले स्नायू मोडू लागतात. त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकते, पोटॅशियम वाढते, आणि त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर घाला पडतो.

कोवळ्या पोरांत हे लवकर घडते. लहान मुलाला घाम मोठ्यापेक्षा कमी सुटतो, आणि धावताना त्याचे अंग वजनाच्या मानाने जास्त तापते. शिवाय तो वाढत असतो. जूनमध्ये ४५ किलोंच्या गटात बसलेला तेरा वर्षांचा मुलगा जानेवारीत ४८ चा होणार, हा निसर्गाचा हिशेब आहे. त्याला ४५ वर अडकवून ठेवायचे म्हणजे वाढीलाच कुंपण घालायचे. आणि मोठा मल्ल एखाद्या वेळी ‘आता पुरे’ म्हणतो. पोरगा म्हणत नाही. वस्तादांनी सांगितले म्हणजे संपले. ही आज्ञाधारकता आम्ही मास्तर लोकच त्याला शिकवतो.

घरच्या माणसाने ओळखावे कसे? लघवी काळपट चहासारखी आणि थोडी होऊ लागली, पोरगा दिवसभर पाणी टाळून नुसते ओठ ओले करीत असला, उठताना भोवंड येऊ लागली, तर काटा कुणी पाहायचा ते आईने ठरवावे. व्यायामाच्या वेळी मात्र एकच खूण सर्वांत महत्त्वाची: तो गोंधळला. नाव विचारले तर भलतेच सांगतो, चिडतो, झोकांड्या खातो. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज खोटा आहे. श्रमाच्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. अशा वेळी पोशाख फाडून काढावा, पोराला थंड पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसवावे आणि डोके धरून ठेवावे. हौद नसेल तर बादल्यांमागून बादल्या ओताव्यात आणि वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. गाडी बोलवावी, पण गाडी येईपर्यंत अंग निवू द्यायला थांबू नये. इथे मिनिटांचा हिशेब असतो.

तीन मृत्यूंनंतर अमेरिकेच्या कॉलेज-संघटनेने जे केले ते मला सल्ल्यांपेक्षा शहाणपणाचे वाटते. जानेवारी १९९८ मध्ये रबरी पोशाख, वाफेच्या खोल्या आणि लघवीची औषधे यांना बंदी झाली. पण खरी मेख दुसरीकडेच मारली. वजन आदल्या दिवशी करणे बंद करून कुस्तीच्या दोन तास आधी, किंवा त्याहून कमी वेळ राखून, करायचे ठरवले. दोन तासांत गेलेले पाणी भरून येत नाही, म्हणजे जो सुकून येईल तो सुकलेलाच लढेल. युक्तीतला लाभच गेला. गटही पुढे बदलले. मग हंगामाच्या आरंभी प्रत्येक मल्लाची किमान वजनाची मर्यादा ठरू लागली. आधी लघवी तपासून तो पाणी पिऊन आला आहे याची खात्री, मग चरबी मोजायची, ती शेकडा पाचांखाली जाईल इतके वजन उतरवायचे नाही, आणि आठवड्याला शेकडा दीडपेक्षा वेगाने उतरवायचे नाही. शाळांत मुलांसाठी शेकडा सात आणि मुलींसाठी बारा अशी मर्यादा २००६ पासून देशभर आली.

आंतरराष्ट्रीय कुस्तीनेही वजन स्पर्धेच्या सकाळी करायला सुरुवात केली, आणि दोन दिवस लढायचे तर दोन्ही सकाळी. त्यामुळे पळवाट अरुंद झाली, बुजली मात्र नाही. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला विनेश फोगाट सकाळी ५० किलोंच्या आत भरली, तीन कुस्त्या जिंकली, आणि थोडे खाऊन-पिऊन संध्याकाळी काट्यावर चढली तेव्हा ५२.७ किलो भरली. रात्रभर ती घाम काढीत राहिली, केससुद्धा कापले. सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले. अंतिम कुस्ती गेली, पदक गेले, आणि अंगातले पाणी आटल्यामुळे तिला दवाखान्यात नेऊन सलाइन लावावे लागले. देशभर शंभर ग्रॅमांची चर्चा झाली. संध्याकाळच्या काट्यापासून सकाळच्या काट्यापर्यंत तिने किलोवारी पाणी काढले होते, त्याची चर्चा फारशी कुणी केली नाही.