आखीव रेघ आणि लेखणीची रेघ : जुन्या वह्या वाचताना

१/
१९५७ पूर्वीच्या एखाद्या घरगुती हिशेबाच्या वहीत रुपयांच्या आकड्यापुढे एक लहानशी आडवी रेघ दिसते. ती रेघ लिहिणाऱ्याच्या हातची असेल, तर तिचा अर्थ एक आणा. कारखान्यात छापलेल्या निळ्या रेघेचा तो तुकडा असेल, तर तिचा अर्थ काहीच नाही. जुन्या रोजनिशा, टिपणवह्या आणि जमाखर्च वाचणाऱ्या अभ्यासकासमोर हा प्रश्न पानोपानी उभा राहतो. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/
आखीव कागद ही जुनीच गोष्ट आहे. यंत्राने कागद आखण्याचे एक पेटंट जॉन टेटलो यांनी इंग्लंडमध्ये १७७० साली घेतले, ते संगीतलेखनाच्या कागदासाठी होते. एकोणिसाव्या शतकात पितळी टाकांची रांग असलेली आखणी यंत्रे प्रचारात आली. शाईत भिजलेल्या लोकरी कापडाच्या पट्टीतून शाई टाकांत उतरे, आणि खालून कागद सरकला की एकाच वेळी अनेक समांतर रेघा उमटत. या रेघांची शाई मुद्दाम फिकी, बहुधा निळी, ठेवलेली असे आणि समासाची उभी रेघ तांबडी.

३/
ही आखणी रोमन लिपीच्या सवयीची होती. रोमन अक्षर रेघेवर बसते. देवनागरी अक्षर रेघेला लोंबते. मोडी लिहिणारा कारकून तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे मांडत जाई. त्यामुळे एकरेघी वही हाती आल्यावर मराठी लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या : वरच्या रेघेला अक्षर टांगायचे, किंवा इंग्रजीप्रमाणे खालच्या रेघेवर बसवायचे. वही वाचायला घेताना पहिला शोध याचाच घ्यावा लागतो, कारण आखीव रेघ अक्षराला कोठे छेदणार हे त्यावर ठरते.

४/
अक्षर टांगलेले असेल, तर आखीव रेघ शिरोरेषेवर येते. काही हात अशा वेळी स्वतःची शिरोरेषा ओढतच नाहीत. छापील रेघेवरच काम भागवतात. येथे खरा धोका आहे. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्यांमधला फरक बराचसा माथ्यावर असतो : म, घ, य यांच्यावर शिरोरेषा सलग जाते, भ, ध, थ यांच्या डोक्यावर डावीकडे ती तुटते आणि तेथे लहानशी गाठ असते. छापील रेघ ती फट भरून टाकते. मग ‘भान’चे ‘मान’ होते, ‘धन’चे ‘घन’ होते, आणि दोन्ही शब्द अर्थपूर्ण असल्याने चूक लक्षातही येत नाही.

५/
यावर उपाय एकच : माथ्याकडे न पाहता गाठीकडे पाहणे. फट भरली गेली, तरी गाठीचे वळण लेखणीच्या गडद शाईत शिल्लक असते. त्याच हाताने लिहिलेला, संशयाला जागा नसलेला एखादा शब्द (‘आभार’, ‘धर्म’, ‘तेथे’) त्याच वहीत शोधावा आणि त्यातील गाठ नमुना म्हणून समोर ठेवावी. प्रत्येक हाताची गाठ वेगळी असते. छापील पुस्तकातील अक्षराशी तुलना केल्यास दिशाभूल होते.

६/
अक्षर खालच्या रेघेवर बसवलेले असेल, तर आखीव रेघ पायाशी येते. उकार, ऋकार आणि पायमोडीची खूण ही सारी रेघेखाली उतरतात आणि तेथे छेदली जातात. शिवाय प्रत्येक शब्द अधोरेखित असल्याचा भास होतो. खरे अधोरेखन ओळखण्याची खूण अशी : ते शब्दाबरोबर सुरू होते आणि शब्दाबरोबर संपते, आखीव रेघेशी काटेकोर समांतर नसते, आणि लेखणी उचलताना टोकाला बारीक होते. आखीव रेघ मात्र पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच जाडीने जाते आणि शब्दांची दखल घेत नाही.

७/
अडचण तेव्हा येते, जेव्हा लिहिणारा आखीव रेघेवरच अधोरेखन गिरवतो. अशा वेळी एका शब्दाखालची रेघ आजूबाजूच्या रेघेशी ताडून पाहावी. तेवढाच तुकडा अधिक गडद किंवा जाड असेल, तर तेथे लेखणी फिरलेली आहे. पान ओले झालेले असल्यास सावध राहावे. आखणीची फिकी शाई पाण्याने सहज फुटते आणि रुंद पट्टा तयार होतो, तो ठळक अधोरेखनासारखा दिसतो. पण ओल एका शब्दापुरती थांबत नाही. वरच्या-खालच्या रेघाही त्याच पट्ट्यात फुटलेल्या आढळतात.

८/
पानाचे छायाचित्र घेताना ते रंगीत घ्यावे, शुद्ध काळे-पांढरे कधीही नव्हे. काळ्या-पांढऱ्यात फिकी निळी रेघ आणि काळी शाई एकाच गडदपणाला येतात आणि त्यांची फारकत कायमची नाहीशी होते. रंगीत प्रतिमा लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन भागांत विभागता येते. निळी रेघ निळा प्रकाश परावर्तित करते, म्हणून प्रतिमेच्या निळ्या भागात ती कागदात विरून जाते. उलट लोहयुक्त जुनी शाई, जी काळाच्या ओघात तपकिरी पडते, निळा प्रकाश शोषते आणि तेथे अधिक ठसठशीत दिसते. एकाच कृतीने रेघ मावळते आणि अक्षर उजळते.

९/
या युक्तीला मर्यादा आहेत. लिहिणाऱ्याची शाईच निळी असेल, तर रेघेबरोबर अक्षरही फिके पडते. कागद पिवळा पडलेला असेल, तर निळ्या भागात सारी पार्श्वभूमी काळवंडते. आणि टांगलेल्या लेखनात, जेथे छापील रेघच शिरोरेषेचे काम करते, तेथे रेघ मावळली की अक्षरे बोडकी होतात. म्हणून रेघ पुसलेली प्रत वाचण्यापुरती वेगळी करावी. मूळ रंगीत प्रतिमेला हात लावू नये आणि प्रत्येक शंका मूळ प्रतिमेवरच सोडवावी.

१०/
आता हिशेबाकडे. रुपयाचे सोळा आणे. चार आणे म्हणजे पाव रुपया. जुन्या पद्धतीत पाव रुपयासाठी एक उभी रेघ (।), अर्ध्यासाठी दोन (॥), पाऊणसाठी तीन (॥।). वरच्या सुट्या आण्यांसाठी आडव्या, किंचित तिरक्याही, रेघा : एक आणा -, दोन आणे =, तीन आणे ≡. म्हणजे १॥- याचा अर्थ एक रुपया नऊ आणे. उभ्या रेघांना आखणीचा त्रास नाही. आडव्या रेघांना मात्र आखीव रेघ थेट जोडीला येऊन बसते.

११/
नमुन्यादाखल रचलेल्या तीन नोंदी पाहू.

तांदूळ १॥-
तेल ॥।-
मीठ =
एकूण २।≡

मिठाच्या दोन्ही रेघा आणि एकुणातल्या तिन्ही रेघा आखीव ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आहेत, म्हणून त्या निःसंशय. तांदूळ आणि तेल यांच्या पुढची रेघ मात्र आखणीच्या जवळ पडते. दोन्ही खऱ्या मानल्या, तर बेरीज अशी : एक रुपया नऊ आणे, तेरा आणे, दोन आणे, म्हणजे दोन रुपये आठ आणे. वहीत एकूण दोन रुपये सात आणे आहेत. दोन्ही खोट्या मानल्या, तर सहाच आणे उरतात. अर्थात दोहोंपैकी नेमकी एक रेघ आणा आहे आणि दुसरी आखणी. एवढे गणित सांगते. कोणती ते सांगत नाही.

१२/
तेथून पुढे पट्टी लागते. पानाच्या कोऱ्या भागात, जेथे काहीही लिहिलेले नाही, लगतच्या दहा रेघांचे अंतर मोजावे आणि नऊने भागावे. समजा एका ओळीचे अंतर आठ मिलिमीटर आले. आता पहिल्या आखीव रेघेपासून खाली आठ, सोळा, चोवीस असे टप्पे पाडत यावे. तेलापुढची रेघ नेमकी टप्प्यावर पडली, आणि बारकाईने पाहता तिचा फिका धागा डावी-उजवीकडे पुढे जाताना दिसला, तर ती छापील. तांदळापुढची रेघ टप्प्याच्या दीड मिलिमीटर वर आहे, किंचित चढती आहे आणि दोन्ही टोकांना संपते; ती लेखणीची. म्हणून तांदूळ एक रुपया नऊ आणे, तेल बारा आणे. बेरीज दोन रुपये सात आणे, वहीशी जुळती.

१३/
नऊने भागण्याचे कारण : दहा रेघांमध्ये नऊच अंतरे असतात. आणि एकच अंतर न मोजता दहा रेघा एकदम मोजण्याचे कारण : पट्टी लावताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. ती नऊ ठिकाणी वाटली गेली की नगण्य ठरते. एकाच अंतरात राहिली, तर पानाच्या तळाशी पोचेपर्यंत टप्पा कित्येक मिलिमीटर सरकतो. कागद सुरकुतलेला किंवा छायाचित्र तिरपे असेल, तर पानाचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाचे माप स्वतंत्र घ्यावे.

१४/
पातळ कागदावर आणखी एक फसवी रेघ भेटते : पाठपानावरची. दोन्ही बाजूंची आखणी तंतोतंत एकावर एक येतेच असे नाही, म्हणून दोन ओळींच्या मध्ये धूसर रेघ डोकावते आणि शब्दाच्या मध्यावर आल्यास खोडल्यासारखी वाटते. पान उलटून तीच जागा पाहिली की उलगडा होतो. ज्याला शब्द खोडायचा असतो, त्याची रेघ त्या शब्दापुरतीच असते.

१५/
बेरीजही साक्षीदारच, तिची साक्ष तपासून घ्यावी लागते. लिहिणाऱ्याची आकडेमोड चुकलेली असू शकते. म्हणून माप आणि बेरीज यांचा विरोध आला, तर बेरीज जुळवण्यासाठी रेघ वाढवू वा गाळू नये. मापाने जे दिसते ते लिप्यंतरात लिहावे आणि बेरीज जुळत नसल्याची टीप द्यावी. अक्षराबाबतही तसेच : गाठ दिसत नसेल, तर [भान?] असे चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासह लिहावे. छापील आखणीची नोंद एकदाच, वहीच्या वर्णनात करावी : रेघांचा रंग, त्यांच्यातील अंतर, आणि अक्षर टांगलेले आहे की बसवलेले. त्या तीन बाबी हाती असल्या, म्हणजे पुढच्या वाचकाला प्रत्येक आण्याची फेरतपासणी स्वतः करता येते.

(धागा समाप्त)