सख्ख्या भावंडांत चारातला एक: टिश्यू टायपिंगची गोष्ट

आजचा एपिसोड बऱ्याच दिवसांपासून करायचा होता, पण धीर होत नव्हता. कारण तो माझ्या आजोळचा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामाच्या बोन मॅरोनं रक्त बनवणंच थांबवलं. डॉक्टर म्हणाले, मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल, आधी भावंडांची टेस्ट करा. मामाला तीन सख्ख्या बहिणी: थोरली मावशी, माझी आई आणि धाकटी मावशी. आम्ही सगळे निवांत होतो. तिघी आहेत, एक तरी जुळेलच की!

एकही जुळली नाही.

मग घरात जे सुरू झालं ते आजारापेक्षा वाईट होतं. "सख्ख्या असून जुळत नाही म्हणजे काय?" असं एक नातेवाईक आजीच्या तोंडावर बोलून गेले. आजी दोन दिवस जेवली नाही. धाकट्या मावशीला वाटत राहिलं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. मी इंजिनिअर माणूस, गणित बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी हे सगळं मुळापासून वाचायला घेतलं. आज तेच सांगतो.

आई आणि जुळा भाऊ

सुरुवात पॅरिसमध्ये. 1952 सालचा डिसेंबर. मारियुस रेनार नावाचा सोळा वर्षांचा मुलगा बांधकामावर काम करताना परातीवरून पडला आणि त्याची किडनी फाटली. ती काढल्यावर लक्षात आलं की जन्मापासून त्याला एकच किडनी होती. आईनं स्वतःची दिली. नेकेर हॉस्पिटलमध्ये जाँ आंबुर्जे यांच्या टीमनं ती बसवली. रक्तगट जुळत होता, किडनी लगेच काम करायला लागली. पण जेमतेम तीन आठवडे. मग शरीरानं ती नाकारली आणि मुलगा गेला.

आता दोन वर्षं पुढे, 23 डिसेंबर 1954, बोस्टन. रिचर्ड हेरिकला त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड यानं किडनी दिली. जोसेफ मरे सर्जन. दोघे खरंच एकसारखे जुळे आहेत का, हे बघायला डॉक्टरांनी आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. तो टिकला. मग किडनीही टिकली. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला.

म्हणजे आईची किडनी तीन आठवडे आणि जुळ्या भावाची आठ वर्षं. मग साधे सख्खे भाऊ-बहीण यांच्यामध्ये नेमके कुठे बसतात? शरीर दुसऱ्याचं काय ओळखतं, हे कळल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नव्हतं. रक्तगट सोडून आणखी काहीतरी होतं.

बाळंतिणींच्या रक्तातला पुरावा

ते "काहीतरी" पांढऱ्या पेशींवर सापडलं. पॅरिसच्या जाँ दोसे यांनी पाहिलं की ज्यांना वारंवार रक्त चढवलंय अशा पेशंटच्या सीरममुळे काही लोकांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होतात, काहींच्या नाही. 1958 मध्ये त्यांनी असा पहिला मार्कर जाहीर केला. आज त्याला A2 म्हणतात. त्याच वर्षी हॉलंडमध्ये लायडनला योन फान रोड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना अशाच अँटीबॉडी अशा बायकांच्या रक्तात दिसल्या, ज्यांना मुलं झाली होती.

यामागचं कारण मला फार आवडलं. पोटातल्या बाळात अर्धे मार्कर बापाचे असतात. आईच्या शरीराला ते परके, म्हणून ते त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. बाळाला सहसा काही होत नाही, पण आईच्या रक्तात नोंद राहते. जगातली पहिली टिश्यू टायपिंग लॅब चालली ती या आयांच्या सीरमवर.

अडचण अशी की एका सीरममध्ये अनेक अँटीबॉडींची मिसळ. कुठलं सीरम कुणाच्या पेशींवर चालतं याचा भलामोठा तक्ता तयार व्हायचा आणि त्यात पॅटर्न दिसायचा नाही. फान रोड यांनी चक्क तेव्हाचा कॉम्प्युटर वापरला. प्रत्येक सीरमची प्रत्येक दुसऱ्या सीरमशी तुलना करून एकसारखी वागणारी सीरम एका गटात टाकली. साल 1962! डेटा क्लस्टरिंग म्हणून आपण आज जे करतो, त्याचा हा आजोबा.

1964 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांनी टेस्ट इतकी बारीक केली की एका थेंबाच्याही छोट्या अंशात, एक मायक्रोलिटर सीरममध्ये काम व्हायला लागलं. बारक्या खळग्यांच्या ट्रेमध्ये सीरम, त्यात पेशी, मग सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट आणि शेवटी रंग. अँटीबॉडी चिकटली तर पेशी मरते आणि रंग शोषते. मायक्रोस्कोपखाली रंगलेल्या पेशी दिसल्या की समजायचं, मार्कर आहे.

तुरिन, 1967: एकेकटे नाही, ओळच्या ओळ

तोवर डझनभर मार्कर झाले होते आणि प्रत्येक लॅबची नावं वेगळी. ते वेगवेगळे जीन आहेत की एकाच ठिकाणचे, यावर वाद. तो सुटला इटलीत तुरिनला, रुग्गेरो चेप्पेल्लिनी यांनी भरवलेल्या वर्कशॉपमध्ये. त्यांनी अनोळखी माणसं नाही, तर आई-बाप-मुलं अशी कुटुंबं तपासायला घेतली.

कुटुंबात बघितल्यावर चित्र स्वच्छ झालं. मार्कर एकेकटे येत नव्हते. बापाकडून आलेले मार्कर एकत्र, जोडून येत होते, जणू रेल्वेचे डबे. कारण ते सगळे एकाच क्रोमोसोमवर, सहाव्या क्रोमोसोमवर, शेजारी शेजारी बसलेले आहेत. या एका जोडलेल्या ओळीला चेप्पेल्लिनींनी नाव दिलं हॅप्लोटाइप. आणि या सगळ्या जीनच्या वस्तीला आपण म्हणतो एचएलए.

आता गणित सोपं होतं. बापाकडे दोन ओळी, आईकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. दोन गुणिले दोन, चारच जोड्या. तुमची जी जोडी आहे तीच तुमच्या भावंडाला मिळण्याची शक्यता चारात एक. एकच ओळ सारखी असण्याची शक्यता दोनात एक. काहीच सारखं नसण्याची पुन्हा चारात एक. हो, सख्खी भावंडं असून!

आणि रेनारची आई? आई-वडील आपल्या मुलाला एकच ओळ देतात, म्हणून ते सहसा निम्मेच जुळतात. तिच्या मायेत काही कमी नव्हतं.

मामाचा रिपोर्ट

आता आमच्या घराकडे या. मार्करची नावं मी बदलली आहेत, रचना तीच ठेवली आहे. (DR हा मार्कर सत्तरच्या दशकात यादीत आला.)

```
आजोबा  क:  A1   B57  DR7
       ख:  A33  B44  DR7
आजी    ग:  A24  B40  DR15
       घ:  A26  B8   DR3

मामा          = क + ग
थोरली मावशी   = ख + ग
आई            = क + घ
धाकटी मावशी   = ख + घ
```

लॅब अशा ओळी छापून देत नाही. मामाच्या रिपोर्टवर फक्त A1, A24, B57, B40, DR7, DR15 असं असतं. कोण कुणाबरोबर आलं ते आई-वडिलांशी ताडून काढावं लागतं. A24 आणि B40 आजीकडे आहेत, आजोबांकडे नाहीत. म्हणजे उरलेले A1 आणि B57 आजोबांकडून, एकत्र आले. अशी एकेक ओळ सुटते.

थोरल्या मावशीचे सहापैकी चार मार्कर मामाशी जुळले होते. "चार म्हणजे फर्स्ट क्लास!" असं सगळे म्हणाले. पण तक्ता बघा. खरी सारखी ओळ एकच, ग. चौथा मार्कर DR7 जुळला तो योगायोगानं, कारण आजोबांच्या दोन्ही ओळींवर DR7 आहे. आईचे सहापैकी तीन जुळले, पण तीही निम्मीच. डॉक्टर मार्कर मोजण्याआधी ओळी मोजतात ते यासाठी. आई-वडिलांचे नमुने न घेता फक्त भावंडं तपासली तर असे योगायोग फसवू शकतात.

कधी कधी ओळ मध्येच तुटतेही. आजोबांच्या शरीरात शुक्रपेशी बनताना क आणि ख यांचे तुकडे बदलले, तर मुलाला A1 आणि B44 एकत्र मिळू शकतात. A आणि B यांच्यामध्ये असं साधारण शंभरात एकदा होतं. दोन्ही ओळींचे तुकडे एका मुलात दिसले की ओळखायचं. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो, हे आमच्या त्या नातेवाइकांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि तीन बहिणींतून एकही न जुळण्याची शक्यता? प्रत्येकीची न जुळण्याची शक्यता तीन चतुर्थांश. (3/4)^3, म्हणजे 27/64, सुमारे 42 टक्के. दर शंभर अशा घरांत बेचाळीस घरी हेच होणार. "चारात एक" म्हणजे चौघांत एक नक्की, असं नाही. आमच्याकडे तर चारही जोड्या चार भावंडांत वाटल्या गेल्या होत्या. पाचवं भावंड असतं तर ते या चौघांपैकी कुणाशी तरी जुळलंच असतं, पण ते मामाशीच जुळलं असतं याची खात्री नाही.

किडनीसाठी आज औषधं इतकी सुधारली आहेत की निम्मी जुळणारी, अगदी नवरा-बायकोची किडनीही चालते. मॅरोचं तसं नाही. तिथे बसवलेल्या पेशीच पेशंटच्या शरीरावर उलट हल्ला करू शकतात, म्हणून पूर्ण जुळणारं भावंड पहिली पसंती. ते नसेल तर निम्म्या जुळणीवरही आता ट्रान्सप्लांट होतं. मॅरो दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात, हल्ला करायला उठलेल्या पेशी त्यात मरतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही पद्धत घडली.

मामाला मॅरो दिला त्याच्या मुलानं, माझ्या मामेभावानं. मुलगा म्हटल्यावर एक ओळ ठरलेलीच. पहिले तीन महिने वाईट गेले, आज मामा सकाळी स्वतः दूध आणायला जातो.

गेल्या दिवाळीत मी आजीला कागदावर क, ख, ग, घ काढून दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट बघितलं. मग धाकट्या मावशीला हाक मारली आणि म्हणाली, "ये गं, बघ. तुला ह्यांची दुसरी आणि माझी दुसरी आली. एवढंच झालंय."

एपिसोड इथेच थांबवतो. तुमच्या घरात कुणी असा रिपोर्ट हातात घेऊन बसलं असेल, तर त्यांना हा ऐकवा. भेटू पुढच्या आठवड्यात!